अक्षरं धूसर दिसतात तेव्हा: मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट परत कसा आणायचा

मराठी मजकुरात ही खोट सगळ्यात आधी अनुस्वारात दिसते. टिंब टिंबासारखं न दिसता राखाडी डागासारखं दिसतं, रफार शिरोरेषेत मिसळतो, आणि ‘ष’ आहे की ‘प’ हे कळायला मान पुढे न्यावी लागते. फोटो मात्र ठीक दिसतात, व्हिडिओही ठीक दिसतो. त्यामुळे माणसाला आधी चष्म्याचा नंबर वाढल्याचा संशय येतो, मग फॉन्टचा, आणि मॉनिटरच्या सेटिंगपर्यंत पोचायला बराच वेळ जातो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: मॉनिटरच्या काचेमागे जेवढे पिक्सेल खरोखर आहेत, त्यापेक्षा वेगळ्या मापाचं चित्र त्याच्यावर ताणून बसवलेलं असतं.

एलसीडी मॉनिटरचे पिक्सेल कारखान्यातच ठरलेले असतात. २७ इंची ‘क्यूएचडी’ मॉनिटरमध्ये आडवे २५६० आणि उभे १४४०, म्हणजे सुमारे ३६ लाख ८६ हजार पिक्सेल असतात. सेटिंग काहीही बदललं तरी हा आकडा बदलत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके एकदा मांडले की रेघ त्या ठिपक्यांवरूनच न्यावी लागते, तसंच इथेही आहे. या आकड्याला मॉनिटरचं मूळ किंवा नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. संगणकाने नेमकं याच मापाचं चित्र पाठवलं तर चित्रातला एक पिक्सेल काचेवरच्या एका पिक्सेलवर बसतो. १९२० × १०८० चं चित्र पाठवलं तर ते २५६० × १४४० वर पसरवावं लागतं, आणि बिघाड तिथेच होतो.

२५६० ला १९२० ने भागलं की सव्वा किंवा दीड असा आकडा येत नाही, १.३३३ येतो. म्हणजे चित्रातल्या दर तीन पिक्सेलसाठी काचेवर चार पिक्सेल भरायचे. पांढऱ्या पानावर एक पिक्सेल जाडीचा काळा काना आहे असं समजा. हा काना तिघांच्या गटात पहिल्या जागी असेल, तर काचेवरचा पहिला पिक्सेल पूर्ण काळा होतो आणि दुसऱ्यावर एक तृतीयांश काळेपणा सांडतो. तो मधल्या जागी असेल, तर काचेवर एकही पिक्सेल पूर्ण काळा होत नाही. दुसरा आणि तिसरा असे दोन पिक्सेल दोन-दोन तृतीयांश राखाडी होतात. तिसऱ्या जागी असेल, तर तिसऱ्या पिक्सेलवर थोडी सावली आणि चौथा पूर्ण काळा. चित्र ताणून बसवणाऱ्या प्रत्येक स्केलरचं सूत्र थोडं वेगळं असतं, काही कडा जरा जास्त ठळक ठेवतात, पण तीनाचे चार करण्यातून कुणाचीच सुटका नाही.

म्हणून एकाच शब्दातले दोन काने वेगळ्या जाडीचे दिसतात. शिरोरेषेचं तर आणखी वाईट होतं. ती आडवी असल्यामुळे संपूर्ण ओळीची शिरोरेषा एकाच रांगेत येते. त्या रांगेचा नंबर चांगला लागला तर सगळी ओळ ठळक, मधला लागला तर सगळी ओळ फिकी. दोन ओळींमध्ये २० पिक्सेलचं अंतर असेल, तर २० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीला वेगळा नंबर लागतो. एक ओळ काळी, पुढची राखाडी, असं पान दिसतं. रोमन लिपीत अशी सलग आडवी रेघ नसते, म्हणून तोच मॉनिटर इंग्रजी मजकुराला ‘चालून जातो’ आणि मराठीला जात नाही.

यात क्लिअरटाइपचीही भर पडते. रंगीत एलसीडीचा एक पिक्सेल सहसा लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. विंडोजमधला क्लिअरटाइप अक्षराच्या कडा या पट्ट्यांच्या मापाने घासतो, म्हणजे पिक्सेलच्या एक तृतीयांश बारकाईने. हा सगळा हिशोब चित्रातला पिक्सेल काचेवरच्या पिक्सेलवर तंतोतंत बसणार, या गृहीतावर केलेला असतो. चित्र ताणलं की लाल-निळी किनार भलत्याच पट्ट्यांवर पडते. धूसरपणाबरोबर अक्षरांभोवती रंगीत झाक दिसते ती यामुळे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या ओळखीच्या एक ताई घरून डीटीपी करतात. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल. त्यांचा लॅपटॉप १५.६ इंची, १९२० × १०८० चा. डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून त्यांनी २७ इंची, २५६० × १४४० चा, १०० हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि एचडीएमआय केबलने जोडला. पानं मोठी दिसायला लागली, पण प्रूफ वाचताना अनुस्वार निसटायला लागले. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर तेच पान स्वच्छ दिसत होतं.

अशा वेळी सेटिंगला हात लावण्याआधी खोट नेमकी कुठे आहे हे पाहावं. पहिला प्रश्न: सगळीच अक्षरं धूसर आहेत की एखाद्याच प्रोग्रॅममधली? टास्कबारवरची वेळ, डेस्कटॉपवरच्या आयकॉनखालची नावं आणि ब्राउझरमधला मजकूर, हे तिन्ही धूसर असेल तर रिझोल्यूशनचा संशय खरा. फक्त एका जुन्या सॉफ्टवेअरमधला मजकूर धूसर असेल तर तो वेगळा आजार आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

दुसरी तपासणी मला फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या, फाइल फोनवर पाठवा आणि फोनवर मोठी करून बघा. स्क्रीनशॉट हा संगणकाने तयार केलेल्या मूळ चित्राचा असतो. ते चित्र ताणून काचेवर बसवण्याचं काम त्यानंतर होतं. फोनवर अक्षरांच्या कडा नीट दिसल्या आणि मॉनिटरवर धूसर, तर फॉन्ट निर्दोष आहे आणि बिघाड त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. शिवाय फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये चित्राचं माप मिळतं. दोन पडदे वेगवेगळे चालत असतील तर स्क्रीनशॉट मॉनिटरपुरताच घ्या, नाहीतर दोन्हींचं मिळून माप येईल. ताईंच्या फाइलचं माप निघालं १९२० × १०८०.

तिसरी पाहणी विंडोज ११ मध्ये. डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून `Display settings` उघडा, मॉनिटरचा चौकोन निवडा, आणि खाली `Advanced display` मध्ये जा. तिथे दोन ओळी असतात: `Desktop mode` आणि `Active signal mode`. या दोन ओळी वाचता आल्या की निम्मं काम होतं. पहिली ओळ सांगते की विंडोज केवढ्या मापाचं चित्र तयार करतंय. दुसरी सांगते की केबलमधून केवढ्या मापाचा सिग्नल जातोय. ताईंकडे असं होतं:

```
Desktop mode         1920 × 1080, 59.95 Hz
Active signal mode   2560 × 1440, 59.95 Hz
```

याचा अर्थ, चित्र लहान मापाचं तयार होत होतं आणि लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप ते ताणून मॉनिटरकडे पाठवत होती. इथे एक चकवा आहे. मॉनिटरवरची बटणं दाबून त्याच्या स्वतःच्या मेनूत माहिती पाहिली तर तोही २५६० × १४४० दाखवतो, कारण त्याच्यापर्यंत खरोखर तेवढाच सिग्नल पोचतोय. मॉनिटर खरं बोलतो, तरी अक्षरं धूसर. दोन्ही ओळींत १९२० × १०८० असेल तर ताणण्याचं काम मॉनिटर स्वतः करतोय. दोन्ही ओळींत मॉनिटरचं मूळ माप असेल तर रिझोल्यूशनची तक्रार निकालात काढून दुसरं कारण शोधावं.

ताईंच्या बाबतीत कारण साधं होतं. त्यांनी लॅपटॉप आणि मॉनिटर ‘डुप्लिकेट’ पद्धतीने जोडले होते, म्हणजे दोन्हींवर एकच चित्र. तेव्हा विंडोजला दोघांनाही झेपेल असं माप निवडावं लागतं. लॅपटॉपचा पडदा १९२० × १०८० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून मोठा मॉनिटरही तिथेच अडकला. अशा जोडणीत `Recommended` हा शब्दसुद्धा दोन्ही पडद्यांना जमणाऱ्या मापासमोर येऊ शकतो, त्यामुळे तो दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. मॉनिटरच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तकात छापलेला आकडा हाच आधार धरावा.

उपाय: विंडोजची कळ आणि `P` एकत्र दाबा आणि `Extend` निवडा, किंवा लॅपटॉपचा पडदा नकोच असेल तर `Second screen only`. मग `Display settings` मध्ये मॉनिटरचा चौकोन निवडून `Display resolution` ची यादी उघडा. आता यादीत २५६० × १४४० येतं. ते निवडलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदल ठेवायचा का असं विंडोज विचारतं. काहीच दिसेनासं झालं तर घाबरून बटणं दाबत बसू नका. उत्तर दिलं नाही की थोड्या सेकंदांत जुनं सेटिंग आपोआप परत येतं.

रिझोल्यूशन बदललं, अक्षरं एकदम रेखीव झाली, आणि ताईंची पहिली प्रतिक्रिया होती, “अहो, पण हे फारच बारीक झालं!” ही तक्रार रास्त आहे, आणि जगातले कितीतरी मॉनिटर चुकीच्या रिझोल्यूशनवर चालतात ते याच तक्रारीमुळे. काचेच्या जुन्या, जड सीआरटी मॉनिटरवर रिझोल्यूशन कमी केलं तरी चित्र असं फुटत नसे, कारण तिथे इलेक्ट्रॉनचा झोत हव्या तेवढ्या रेषांत चित्र काढू शकत होता. १०२४ × ७६८ वर बारीक दिसतंय, मग ८०० × ६०० करा, ही सवय त्या काळात योग्यच होती. तीच सवय एलसीडीवर आणली की अक्षर मोठं होतं आणि फुटतंही.

अक्षर मोठं करायचं असेल तर रिझोल्यूशन मूळ ठेवा आणि त्याच पानावरचं `Scale` वाढवा. दोन्हींमधला फरक नीट लक्षात घेण्यासारखा आहे. रिझोल्यूशन कमी केलं तर आधी लहान चित्र तयार होतं आणि मग ते फुगवलं जातं. स्केल वाढवलं तर विंडोज प्रोग्रॅमला सांगतं की अक्षर मोठ्या मापात काढ, आणि फॉन्टच्या मूळ वळणांवरून ते अक्षर नव्याने, जास्त पिक्सेल वापरून काढलं जातं. तोच अनुस्वार पूर्वी चार पिक्सेलचा होता तो आता सहा-सात पिक्सेलचा होतो, म्हणजे गोलाईसुद्धा दिसते.

स्केल किती ठेवायचं? १९२० × १०८० वर जेवढं अक्षर दिसत होतं तेवढंच हवं असेल तर १३३ टक्के लागतील, कारण प्रमाण तेच १.३३३ आहे. यादीत १२५ आणि १५० असे टप्पे असतात. १२५ वर अक्षर पूर्वीपेक्षा किंचित लहान आणि १५० वर जरा मोठं दिसेल. कस्टम स्केलिंगमध्ये १३३ टाइप करता येतं, पण मी तो रस्ता टाळतो. ठरलेले टप्पे बहुतेक प्रोग्रॅमांनी तपासून घेतलेले असतात, अधल्यामधल्या आकड्यांवर काही खिडक्यांची मांडणी विस्कटते, आणि असा आकडा सगळ्या पडद्यांना एकदम लागू होतो. ताईंनी १२५ ठेवलं.

आता रिफ्रेश रेट. मॉनिटर १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र बदलू शकणारा. पण `Advanced display` मधल्या `Choose a refresh rate` च्या यादीत सगळ्यात वरचा आकडा होता ५९.९५. दोन गोष्टी वेगळ्या करू. ५९.९५ किंवा ५९.९४ असा आकडा दिसणं हा बिघाड नाही. हे व्यवहारात ६० च आहे. वेळेचं गणित ज्या प्रमाणित पद्धतीने मांडतात त्यात पूर्ण ६० येत नाही, इतकंच. पण १०० चा मॉनिटर ६० वर अडतो तेव्हा अडचण बहुधा वाटेत असते, म्हणजे पोर्ट, केबल किंवा मधला हब.

ती वाट किती रुंद लागते हे गुणाकाराने काढता येतं. २५६० × १४४० × ६० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ कोटी १२ लाख पिक्सेल. प्रत्येक रांगेच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी सिग्नलमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. ती धरून हा आकडा २४ कोटी १५ लाखांवर जातो. तांत्रिक भाषेत यालाच २४१.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक म्हणतात. १०० हर्ट्झला तो सुमारे ४१ कोटी होतो. एचडीएमआय १.४ ची कमाल मर्यादा ३४ कोटी आहे. म्हणजे या पोर्टमधून २५६० × १४४० ला ६० आरामात जातं, ७५ सुद्धा जातं कारण तिथे ३० कोटींच्या आसपास लागतात, पण १०० जात नाही. एचडीएमआय २.० ची मर्यादा ६० कोटी आहे, आणि डिस्प्लेपोर्ट १.२ त्याहूनही पुढे जातं. ताईंच्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ चं होतं. दुकानातून महागडी केबल आणली असती तरी फरक पडला नसता, कारण अरुंद जागा लॅपटॉपच्या बाजूलाच होती. लॅपटॉपच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पोर्टची आवृत्ती लिहिलेली असते. केबल विकत घेण्यापूर्वी ती ओळ शोधावी.

याच गणितातून आणखी एक कोडं सुटतं. काही जुनी एचडीएमआय पोर्टं, सिंगल-लिंक डीव्हीआय आणि बरेच स्वस्त कन्व्हर्टर साडेसोळा कोटींवर थांबतात. १९२० × १०८० ला ६० हर्ट्झवर १४ कोटी ८५ लाख लागतात, ते यातून निघून जातं. २५६० × १४४० जात नाही. मग यादीत मूळ रिझोल्यूशन दिसतच नाही, आणि माणसाला वाटतं की मॉनिटर सदोष आला. परत पाठवण्याआधी कन्व्हर्टर काढून थेट केबल लावून बघावी.

ताईंच्या लॅपटॉपला यूएसबी-सी पोर्ट होतं. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर बहुधा जातं, आणि खात्री माहितीपत्रकातून करावी. त्यांच्या पोर्टमधून जात होतं. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल लावली, मॉनिटरच्या मेनूत इनपुट बदलून डिस्प्लेपोर्ट केलं, आणि यादीत १०० हर्ट्झ आलं. ते आपोआप निवडलं गेलं नव्हतं, आणि हे नेहमी होतं. जास्त हर्ट्झचा मॉनिटर जोडला तरी विंडोज बरेचदा ६० वरच सुरू करतं, कारण मॉनिटर स्वतःची ओळख देताना पहिल्या पसंतीचा म्हणून ६० चा मोड सांगतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना एकदा तरी ती यादी उघडा असं कळकळीने सांगावंसं वाटतं.

वाचन-लेखनाच्या कामात १०० हर्ट्झने काय मिळतं? ६० ला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १०० ला १० मिलिसेकंद. स्थिर अक्षरांच्या रेखीवपणात यामुळे काही फरक पडत नाही. पान सरकवताना मजकूर कमी ओघळतो आणि माउस हाताबरोबर चालतो. दिवसभर लांबच लांब फाइल वरखाली करणाऱ्याला ते सुखाचं आहे. पण पोर्टमुळे दोन्हींतलं एकच मिळणार असेल, तर मजकुराचं काम करणाऱ्याने मूळ रिझोल्यूशन घ्यावं आणि ६० वर समाधान मानावं. अपवाद एकच: ४के मॉनिटर जुन्या एचडीएमआयवर किंवा स्वस्त हबमधून लावला की तो ३० हर्ट्झवर जातो. तिथे माउस अडखळत चालतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटल्यासारखं वाटतं, आणि ते दिवसभर सहन होत नाही. तेव्हा रिझोल्यूशन कमी करण्यापेक्षा हब किंवा केबल बदलण्यावर पैसे घालावेत.

मॉनिटर स्वतःची ओळख देतो असं वर म्हटलं, ती ओळख हरवणं हेही मूळ रिझोल्यूशन यादीत न दिसण्याचं मोठं कारण आहे. प्रत्येक मॉनिटरमध्ये ईडीआयडी नावाची १२८ बाइटची एक लहानशी नोंद असते, बहुधा पुढे आणखी एखादा भाग जोडलेला. त्यात कंपनी, मॉडेल, आणि मला कुठलं माप आणि कुठला रिफ्रेश रेट चालतो ते लिहिलेलं असतं. केबल जोडली की संगणक ती वाचतो. मध्ये दोन संगणकांना एक मॉनिटर वाटून देणारा स्विच, स्प्लिटर किंवा वाकलेल्या पिनची व्हीजीए केबल असेल तर नोंद पोचत नाही, किंवा मधल्या यंत्राची स्वतःचीच नोंद पोचते. मग `Advanced display` मध्ये मॉडेलच्या नावाऐवजी एखादं सर्वसाधारण नाव दिसतं आणि यादी १०२४ × ७६८ किंवा १९२० × १०८० वर संपते. मधली सगळी यंत्रं काढा, मॉनिटरचा वीजपुरवठा प्लगपासून एखादं मिनिट बंद ठेवा, आणि थेट केबलने जोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने नाव आणि यादी दोन्ही परत येतात.

विंडोज नव्याने टाकल्यानंतर धूसरपणा आला असेल तर `Device Manager` उघडून `Display adapters` खाली बघा. तिथे `Microsoft Basic Display Adapter` असं दिसलं तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि तो बसेपर्यंत रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेटच्या यादीशी झगडण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

कधी याच्या उलट होतं: `Desktop mode` मूळ मापाचा आणि `Active signal mode` त्यापेक्षा लहान. म्हणजे चित्र पूर्ण तयार होतंय, पण केबलमधून आकसून जातंय आणि मॉनिटर ते पुन्हा फुगवतोय. वरच्या यादीत बदल करून हे सुटत नाही. `Advanced display` च्याच पानावर `Display adapter properties` उघडा, `List All Modes` दाबा, आणि तिथून मूळ माप व हवा तो रिफ्रेश रेट अशी जोडी एकत्र निवडा. इथली निवड सिग्नललाही लागू होते.

लिनक्सवर, एक्स११ चालत असेल तर, नुसतं `xrandr` टाइप केलं की सगळे मोड छापून येतात. ज्या आकड्यापुढे `*` आहे तो सध्या चालू, आणि `+` आहे तो मॉनिटरच्या पसंतीचा. दोन्ही खुणा वेगवेगळ्या ओळींवर दिसल्या तर गडबड तिथेच आहे. जोडणीचं नाव त्याच यादीतून घेऊन आज्ञा द्यायची:

```
xrandr --output DP-1 --mode 2560x1440 --rate 100
```

विंडोजवर `Desktop mode` आणि `Active signal mode` या दोन्ही ओळींत मूळ माप दिसतंय आणि तरी अक्षरं मऊ आहेत, असंही होतं. तेव्हा `Advanced display` मध्येच रंगाची पद्धत वाचा. तिथे `RGB` ऐवजी `YCbCr420` किंवा `YCbCr422` असेल, तर केबलवरचा भार हलका करण्यासाठी रंगाची माहिती कमी बारकाईने पाठवली जातेय. काळं-पांढरं अक्षर बरं दिसतं. लाल किंवा निळं अक्षर रंगीत पट्टीवर असेल तर कडा पसरतात. प्रूफवर लाल खुणा करणाऱ्याला हे लगेच जाणवतं. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये `RGB` निवडावं; टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्याच्या मेनूत इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिल्यावरही पुष्कळदा हे सुटतं. मॉनिटरच्या मेनूतला शार्पनेस वाढवून धूसरपणा झाकायचा प्रयत्न मात्र करू नये. त्याने अक्षराभोवती पांढरी कडा येते आणि हरवलेला बारकावा काही परत येत नाही.

ताईंचं एक जुनं पानमांडणीचं सॉफ्टवेअर १२५ टक्के स्केलवर अजूनही धूसर दिसत होतं, बाकी सगळं रेखीव असताना. त्या प्रोग्रॅमला स्केल ही गोष्टच माहीत नव्हती. तो जुन्या मापात चित्र काढत होता आणि विंडोज फक्त तेवढी खिडकी फुगवत होतं. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून `Properties`, मग `Compatibility`, मग `Change high DPI settings` मध्ये गेलं की `Override high DPI scaling behavior` ही खूण आणि तिच्याखाली एक यादी मिळते. `Application` निवडलं तर विंडोज फुगवणं बंद करतं: मजकूर रेखीव होतो, पण त्या प्रोग्रॅमची बटणं आणि मेनू लहान राहतात. `System (Enhanced)` निवडलं तर काही प्रोग्रॅममध्ये दोन्ही नीट होतं, काहींमध्ये काहीच फरक पडत नाही. ताईंच्या सॉफ्टवेअरवर दुसऱ्याचा उपयोग झाला नाही, म्हणून त्यांनी `Application` ठेवलं. पान त्यांना झूम करून मोठं करता येतं आणि बटणांच्या जागा हाताला पाठ आहेत.

शेवटी क्लिअरटाइप पुन्हा जुळवून घ्यावा. स्टार्टमध्ये `cttune` टाइप केलं की तो उघडतो. तोही आधी मॉनिटर मूळ रिझोल्यूशनवर आहे ना हे तपासतो, नसेल तर तिथे नेण्याचा पर्याय देतो, आणि मग मजकुराचे नमुने दाखवत त्यातला सर्वांत स्पष्ट निवडायला सांगतो. नमुने इंग्रजीत असतात, पण जुळणी देवनागरीलाही लागू पडते. पडदा बदलला की ही जुळणी त्या पडद्यासाठी वेगळी करावी लागते. लॅपटॉप एखाद्या दिवशी प्रोजेक्टरला डुप्लिकेट पद्धतीने जोडून आणला असेल, तर घरी मॉनिटर लावल्यावर `Advanced display` मधल्या त्या दोन ओळी एकदा वाचाव्यात. विंडोज प्रत्येक जोडणीचं सेटिंग सहसा वेगळं लक्षात ठेवतं, पण केबल दुसऱ्या पोर्टात गेली की ते नवी जोडणी समजून पुन्हा ६० हर्ट्झपासून सुरुवात करू शकतं.